तळटीप म्हणजे पत्ता

कायदा शिकणाऱ्या मुलामुलींचे आईवडील आमच्या मंडळात आता बरेच झाले आहेत. गेली अठरा वर्षं मी इथल्या एका विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीत काम करते, त्यामुळे दर वर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "अहो, असाइनमेंटमध्ये प्लेजरिझम निघालं म्हणतात. पण पोरानं कायद्यातलीच वाक्यं लिहिली होती. कायदा काय कुणाच्या मालकीचा असतो का? मग चोरी कसली?"

प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. कायदा खरंच सगळ्यांचा आहे. संसदेनं केलेल्या कलमावर कुणी हक्क सांगत नाही, आणि न्यायमूर्तींनी निकालात लिहिलेलं वाक्य वकिलांनी वापरावं म्हणूनच लिहिलेलं असतं. कथा-कविता उचलली तर लेखकाचं नुकसान होतं. कायद्याच्या लिखाणात नुकसान होतं ते वाचणाऱ्याचं. कारण कायद्यात "काय म्हटलं आहे" याच्या इतकंच "कुणी म्हटलं आहे" याला वजन असतं. तेच वाक्य सुप्रीम कोर्टानं एकमतानं म्हटलं असेल तर तो कायदा झाला. एखाद्या न्यायमूर्तीनं विरोधी मतात म्हटलं असेल तर ते त्याचं मत राहिलं. पाठ्यपुस्तकाच्या लेखकानं म्हटलं असेल तर तो त्याचा अभिप्राय, आणि विद्यार्थ्यानं म्हटलं असेल तर तो त्याचा युक्तिवाद. वाक्यावरचं नाव पुसलं की या चौघांतला फरकच नाहीसा होतो, आणि वाचणाऱ्याला वाक्यावर किती भार टाकायचा ते कळत नाही.

माझ्या भाचीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, पण तिचं आणि तिच्या विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. पुण्यात एलएलबी करून, एका वकिलांच्या ऑफिसात दीड वर्ष काम करून ती इथे एलएलएमला आली. पहिल्याच सत्रात निष्काळजीपणाच्या कायद्यावर, म्हणजे इथल्या 'नेग्लिजन्स'वर, तीन हजार शब्दांचा निबंध होता. दोन आठवड्यांनी ईमेल आली की निबंधाबाबत शंका आहे, अमुक तारखेला समितीपुढे या. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "आत्या, मी कुणाचं काही चोरलं नाही गं. चाळीस तळटिपा दिल्यात मी."

तळटिपा खरंच चाळीस होत्या. आम्ही दोघी शनिवारी सकाळी त्या एकेक करून उघडायला बसलो.

पहिली अडचण निव्वळ लिहिण्याच्या पद्धतीची होती. इंग्लंडमधली बहुतेक लॉ स्कूल्स ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली 'ऑस्कोला' ही पद्धत वापरतात. तिचे नियम पाहून विद्यार्थी वैतागतात. टिंब कुठे नको, स्वल्पविराम कुठे नको, कंस चौकोनी की गोल! पण यातलं काहीच नुसत्या सोवळ्यासाठी नाही. तळटीप म्हणजे पत्ता आहे. पोस्टमन घरी पोचला पाहिजे, एवढाच तिचा हेतू.

या देशात कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रत्येकाला भेटणारा खटला घ्या, डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या कॅफेत एका बाईनं जिंजर बिअर प्यायली आणि अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. बाटली मैत्रिणीनं विकत घेतली होती, म्हणजे बाईचा दुकानदाराशी किंवा कारखानदाराशी काही करार नव्हता. तरीही कारखानदारानं तिची काळजी घ्यायला हवी होती का, हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. त्याचा पत्ता असा लिहितात:

```
Donoghue v Stevenson [1932] AC 562 (HL) 580 (Lord Atkin)
```

पक्षकारांची नावं तिरप्या अक्षरांत, मधल्या 'व्ही'पुढे टिंब नाही. १९३२ हे वर्ष. 'एसी' म्हणजे अपील केसेस ही निकालांची छापील मालिका, ५६२ हे निकाल सुरू होतो ते पान, 'एचएल' म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्स. शेवटचं ५८० हे मला ज्या वाक्याकडे बोट दाखवायचं आहे ते पान, आणि ते बोलणारे लॉर्ड ॲटकिन. 'शेजारी कोण' हा त्यांचा प्रसिद्ध विचार त्या पानावर आहे.

वर्ष चौकोनी कंसात का? कारण त्या मालिकेचे खंड वर्षानुसार ओळखले जातात. वर्ष काढून टाकलं तर कपाटातलं कुठलं पुस्तक काढायचं ते कळणारच नाही. याउलट रायलँड्स विरुद्ध फ्लेचर पाहा:

```
Rylands v Fletcher (1868) LR 3 HL 330
```

इथे खंडाला स्वतःचा क्रमांक आहे, तीन. वर्ष विसरलात तरी तिसरा खंड काढून ३३० पान उघडता येईल. वर्ष फक्त माहितीसाठी आहे, म्हणून गोल कंसात. एवढं एकदा समजलं की कंस पाठ करावे लागत नाहीत.

शेवटच्या त्या ५८० ची गोष्ट मात्र शोभेची नाही. डॉनह्यूचा निकाल साठेक पानांचा आहे आणि तो तीन विरुद्ध दोन असा लागला. लॉर्ड बकमास्टर आणि लॉर्ड टॉमलिन यांचं मत बाईंच्या विरुद्ध होतं, आणि बकमास्टर यांचं भाषण छापील निकालात ॲटकिनच्या आधी येतं. नुसतं ५६२ लिहून सोडलं तर वाचणाऱ्यानं साठ पानं चाळायची का? आणि घाईत पहिली दहा पानं वाचणारा विद्यार्थी हरलेल्या बाजूचं वाक्य कायदा म्हणून उद्धृत करतो. मी हे दर वर्षी पाहते. भाचीच्या चाळीसपैकी सव्वीस तळटिपांत नेमकं पान किंवा परिच्छेद नव्हता. घरापर्यंत जाणारा पत्ता नव्हता, फक्त गावाचं नाव होतं.

अलीकडच्या निकालांना आणखी एक क्रमांक असतो. २००१ पासून इथली वरिष्ठ न्यायालयं टप्प्याटप्प्यानं प्रत्येक निकालाला स्वतःच क्रमांक द्यायला आणि परिच्छेदांनाही आकडे घालायला लागली. त्यामुळे पानाऐवजी परिच्छेद सांगता येतो, तोही चौकोनी कंसात. इंटरनेटवर जुन्या निकालांनाही असा क्रमांक लावलेला दिसतो. डॉनह्यूपुढे `[1932] UKHL 100` असं एका संकेतस्थळावर सापडतं. तो न्यायालयानं दिलेला नाही, संकेतस्थळानं सोयीसाठी मागाहून लावला आहे. तळटिपेत तो दिसला की तपासणाऱ्याला कळतं, छापील निकाल उघडलेला नाही.

कलमांची तळटीप दिसायला सोपी. कायद्याचं नाव, वर्ष, स्वल्पविराम, कलम. नाव तिरपं नाही, वर्षाआधी स्वल्पविराम नाही:

```
Consumer Rights Act 2015, s 9(1)
```

इथे चूक होते ती टिंबात नाही, काळात. समजा प्रश्न असा आहे: एका गृहस्थानं दुकानातून घरासाठी फ्रिज घेतला, तो आठवड्यात बंद पडला, त्याचा हक्क काय? विद्यार्थी जुन्या नोट्स उघडतो आणि १९७९ च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम १४(२) लिहितो, माल समाधानकारक दर्जाचा असला पाहिजे. वाक्य खरं, कलम खरं, तळटीप अगदी ऑस्कोलाच्या नियमात. पण १ ऑक्टोबर २०१५ पासून दुकानदार आणि ग्राहक यांच्यातल्या करारांना २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू आहे. समाधानकारक दर्जा आता कलम ९ मध्ये आहे, आणि तीस दिवसांच्या आत माल परत करण्याचा हक्क कलम २२ मध्ये. १९७९ चा कायदा रद्द झालेला नाही, दोन व्यापाऱ्यांमधल्या विक्रीला तो चालतोच. म्हणूनच फसायला होतं. संकेतस्थळावर कलम दिसतं, जिवंत दिसतं, पण या गृहस्थाला ते लागू नाही.

आपल्याला हे घरचं उदाहरण देऊन समजावता येईल. 'चारसोबीस' हा शब्द आपल्या बोलण्यात मुरला आहे, पण १ जुलै २०२४ नंतर भारतात केलेल्या फसवणुकीला दंडविधानाचं ४२० लागत नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) लागतं. आणि त्या तारखेआधी केलेल्या गुन्ह्याला मात्र जुनं ४२०च. म्हणजे कलम लिहिण्याआधी विचारायचं, घटना कधीची? सरकारच्या `legislation.gov.uk` या संकेतस्थळावर कायदा उघडला की सुधारित रूप पाहायचं की मूळ संमत झालेलं, ही निवड बाजूला दिसते. काही दुरुस्त्या अजून मजकुरात घातलेल्या नसतील तर वर तशी सूचनाही असते. ती पट्टी वाचल्याशिवाय कलम उतरवू नये.

आता भाचीच्या निबंधाच्या मुख्य दुखण्याकडे येते. तिसऱ्या पानावर तिचं वाक्य होतं की दुसऱ्याची काळजी घेण्याचं कर्तव्य आहे की नाही हे ठरवायला प्रत्येक दाव्यात तीन कसोट्या लावायच्या: नुकसान आधी दिसण्यासारखं होतं का, दोघांत पुरेसं जवळचं नातं होतं का, आणि जबाबदारी टाकणं न्याय्य व वाजवी आहे का. खाली तळटीप:

```
Caparo Industries plc v Dickman [1990] 2 AC 605 (HL)
```

कपारो ही लॉर्ड स्वराज पॉल यांची कंपनी. एका कंपनीचे ऑडिट झालेले हिशेब पाहून त्यांनी तिचे शेअर घेतले, हिशेब चुकीचे निघाले, आणि प्रश्न असा आला की ऑडिटरचं कर्तव्य शेअर घेणाऱ्यापर्यंत पोचतं का. हाउस ऑफ लॉर्ड्सनं नाही म्हटलं. लॉर्ड ब्रिज यांच्या भाषणात या तीन गोष्टी आहेत, हे खरं. पण त्याच पानांवर, ६१७ आणि ६१८ वर, ते असंही सांगतात की या कल्पनांना काटेकोर व्याख्या नाही, त्या लेबलांसारख्या आहेत, आणि कायद्यानं आधीच्या निकालांशी साधर्म्य पाहत हळूहळू पुढे जावं. पुढची पंचवीस-तीस वर्षं पुस्तकांतून आणि क्लासच्या नोट्समधून फक्त पहिला भाग उतरत राहिला, आणि 'कपारोची त्रिसूत्री' तयार झाली.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे रॉबिन्सनचा खटला आला. हडर्सफील्डमध्ये पोलीस एका संशयिताला भर रस्त्यात पकडत होते. त्या झटापटीत ७६ वर्षांच्या एक अशक्त बाई खाली पडल्या आणि जखमी झाल्या. खालच्या न्यायालयानं कपारोची त्रिसूत्री लावून पोलिसांवर जबाबदारी टाकणं वाजवी नाही म्हटलं. सुप्रीम कोर्टानं ते उलटवलं. लॉर्ड रीड यांनी स्पष्ट केलं की प्रत्येक दाव्याला लावायची कपारोची कसोटी अशी काही गोष्टच नाही, तसं समजणं चूक आहे.

```
Robinson v Chief Constable of West Yorkshire Police [2018] UKSC 4, [2018] AC 736 [21] (Lord Reed)
```

मी भाचीला विचारलं, "कपारो वाचलास का गं?"

"संपूर्ण नाही, आत्या. पुस्तकात त्याची तळटीप होती, तीच घेतली."

"पुस्तक कधीचं?"

ते २०१२ चं होतं.

एकाच जागी दोन दोष कसे जन्मतात ते इथे दिसतं. तिनं जी तळटीप दिली ती तिनं वाचलेल्या गोष्टीची नव्हती. मी हा निकाल पाहिला, असं ती तळटीप वाचणाऱ्याला सांगत होती, आणि प्रत्यक्षात पाहिलं होतं पुस्तक. म्हणजे पुस्तकाच्या लेखकाचं श्रेय गेलं, हा पहिला दोष. आणि लेखकाचा अर्थ जुना झालेला असल्यामुळे कायदा चुकला, हा दुसरा. दुसऱ्याची तळटीप उचलणं ही लबाडी तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याची चूकही तिच्यासोबत आपल्या घरी येते.

उपाय अवघड नाही. पुस्तकात निकालाचा उल्लेख सापडला की तो निकाल उघडायचा, निदान ते पान आणि त्याच्या मागचं-पुढचं पान वाचायचं, आणि मग निकालाचा पत्ता द्यायचा. सुप्रीम कोर्टाचे निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि नॅशनल आर्काइव्हजवरही हल्लीचे निकाल मिळतात. त्यानंतर लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये 'पुढे या निकालाचं काय झालं' ही यादी पाहायची. कपारोखाली रॉबिन्सन तिथे ठळक दिसतो, दोन मिनिटांचं काम. आणि निकाल खरोखर हाताशी नसेल तर प्रामाणिकपणे पुस्तकाची तळटीप द्यायची, त्यात लाज नाही.

समितीनं पत्रात बोट ठेवलं होतं ते मात्र आणखी एका ठिकाणी. भाचीनं एका लेखातला विचार घेतला होता, शब्द बदलून. मूळ वाक्य इथे देत नाही, त्याच धाटणीचं मी रचलेलं एक देते. समजा लेखकानं लिहिलं आहे:

"न्यायालयं प्रत्येक दाव्यात काळजीचं कर्तव्य नव्यानं शोधत नाहीत, आधीच्या निकालांनी जिथे ते मान्य केलं आहे तिथे तेच लागू करतात, आणि अगदी नवी परिस्थिती आली तरच साधर्म्य पाहून एकेक पाऊल पुढे टाकतात."

आणि विद्यार्थ्यानं लिहिलं:

"कोर्टं दर खटल्यात काळजीचं कर्तव्य पुन्हा तपासत नाहीत, पूर्वीच्या निर्णयांत जिथे ते स्वीकारलं आहे तिथे तेच लावतात, आणि पूर्णपणे नवीन स्थिती उद्भवली तरच साम्य बघून पावलापावलानं पुढे जातात."

खाली तळटीप रॉबिन्सनची, परिच्छेद २१. विद्यार्थ्याला वाटतं, शब्द तर माझे, तळटीपही दिली, आता काय हवं? पण दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. हाडांचा सांगाडा एकच आहे, तीन भाग त्याच क्रमानं, फक्त अंगावरचे कपडे बदललेले. आणि तळटीप लेखकाकडे जातच नाही, सरळ न्यायमूर्तींकडे जाते, जणू ही मांडणी विद्यार्थ्यानं निकाल वाचून स्वतः केली. इथल्या विद्यापीठांच्या भाषेत यालाही प्लेजरिझमच म्हणतात.

यातून बाहेर यायला दोन वाटा आहेत. लेखकाचं वाक्यच इतकं नेमकं असेल की बदलवत नाही, तर ते अवतरणचिन्हांत जसंच्या तसं घ्यावं आणि लेखकाची तळटीप द्यावी. कलमाचे शब्द घेतानाही अवतरणचिन्हं हवीतच. कायदा सगळ्यांचा असला तरी कुठले शब्द संसदेचे आणि कुठले तुमचे हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. दुसरी वाट म्हणजे लेख मिटून ठेवायचा आणि स्वतःला विचारायचं, माझ्या प्रश्नाला याचा काय उपयोग? भाचीनं त्या दुपारी असं करून लिहिलं, ते साधारण असं होतं:

"रॉबिन्सनमध्ये पोलिसांनी स्वतःच्या कृतीनं बाईंना इजा केली. अशा इजेबद्दलचं कर्तव्य कायद्यानं आधीपासून मानलेलं आहे, म्हणून वाजवीपणाचा वेगळा विचार करायची गरजच पडली नाही. अमुक लेखक याला पावलापावलाची वाट म्हणतात. पण पाऊल नवं आहे की जुनं हे कोणी आणि कसं ठरवायचं, हे त्यांच्या मांडणीत सुटत नाही."

आता पहिल्या दोन वाक्यांना रॉबिन्सनची तळटीप, तिसऱ्याला लेखकाची, आणि चौथ्याला तळटीपच नाही, कारण ते तिचं आहे. गुण मिळतात ते या चौथ्या वाक्याला. कायद्याला एक तळटीप, विचाराला दुसरी, आणि आपलं म्हणणं तळटिपेशिवाय: कुणाचं काय ते वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं.

ती म्हणाली, "पण आत्या, पुण्याला सरांच्या ऑफिसात आम्ही जुन्या फिर्यादीवरूनच नवी तयार करायचो. नावं, तारखा बदलायच्या. तिथे कुणी काही म्हटलं नाही."

म्हणणारही नाही, कारण तिथे ते योग्यच आहे. इथले सॉलिसिटरही घराचा भाडेकरार तयार नमुन्यावरूनच करतात. अशिलाला तपासून पारखलेली भाषा हवी असते, नवी नको असते. त्या कागदावर 'हा विचार माझा' असा कुणाचाच दावा नसतो. असाइनमेंटवर मात्र तुमचं नाव म्हणजेच तो दावा आहे. तसंच आपल्याकडे परीक्षेत बेअर ॲक्टचे शब्द आणि सरांची व्याख्या जशीच्या तशी उतरवली की मान डोलवतात. ती सवय वाईट नाही, पाठांतर वकिलाला आयुष्यभर पुरतं. फक्त इथे ते उतरवताना शब्दांच्या दोन्ही बाजूंना चिन्ह आणि खाली पत्ता लागतो.

आईवडिलांना सगळ्यात जास्त भीती टक्क्यांची वाटते. टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द रंगवून एक आकडा दाखवतं. तो आकडा चोरीचा नाही, साम्याचा आहे. कायद्याच्या निबंधात खटल्यांची लांबलचक नावं, कलमांचे शब्द, चाळीस तळटिपा हे सगळं जुळणारच. तीस टक्के दाखवणारा निबंध अगदी स्वच्छ असू शकतो. आणि वर दिलेल्या कपडे बदललेल्या वाक्यांसारखी वाक्यं आकड्यात फारशी येतही नाहीत, पण विषय शिकवणारा माणूस ती ओळखतो. भाचीचा आकडा अकरा होता. आकडा कमी करायला शब्द फिरवत बसणं म्हणजे दुखणं वाढवणं आहे.

समितीपुढे ती आपल्या वाचनाच्या वह्या आणि निबंधाचे आधीचे खर्डे घेऊन गेली. जाणूनबुजून केलेला प्रकार नाही, लिखाणाची सदोष पद्धत आहे, असा निर्णय झाला. निबंध पुन्हा लिहायचा, आणि जास्तीत जास्त पन्नास गुण, म्हणजे काठावर पास. तिला वाईट वाटलं, पण 'जाणूनबुजून नाही' या दोन शब्दांची किंमत तिला ठाऊक होती. इथे सॉलिसिटर होताना नियामक संस्था चारित्र्य आणि योग्यता तपासते, आणि फायद्यासाठी मुद्दाम केलेलं प्लेजरिझम त्या तपासणीत मोजलं जातं. विद्यापीठातला शिक्का पदवीपाशी थांबत नाही. जो माणूस न्यायाधीशापुढे "या निकालात असं म्हटलं आहे" असं सांगणार आहे, त्याच्या त्या वाक्यावर भरवसा ठेवता येईल का, एवढंच त्यांना पाहायचं असतं.

दुसऱ्यांदा लिहिताना तिनं वहीच्या पानाचे तीन उभे भाग केले. डावीकडे जसेच्या तसे शब्द, अवतरणचिन्हांसकट. मधे पूर्ण पत्ता, परिच्छेदासह, वाचतानाच लिहिलेला, नंतर शोधू म्हणून ठेवलेला नाही. उजवीकडे तिचं स्वतःचं म्हणणं, वेगळ्या शाईनं. निबंध लिहिताना डाव्या भागातलं जे येईल त्याला चिन्हं, उजव्या भागातलं जे येईल ते मोकळं. शेवटी छापील प्रत हातात घेऊन तिनं प्रत्येक तळटीप उघडून पाहिली की वर लिहिलेलं वाक्य खरंच तिथे आहे का. चाळीसच्या एकतीस झाल्या, पण एकतीसही घरपोच.

तुमच्या घरी कुणी कायदा शिकत असेल तर टक्के किती आले हे विचारू नका. निबंधातला कुठलाही एक निकाल दाखवायला सांगा आणि विचारा, "हे कितव्या परिच्छेदात आहे, आणि कोण म्हणालं?" उत्तर लगेच आलं तर काळजीचं कारण नाही. लॅपटॉप उघडून शोधाशोध सुरू झाली, तर निबंध देण्याची तारीख अजून उरली आहे का, तेवढं बघा.